चाय, गोळी आणि बोटावरचा गूळ

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी शाखा डाकपाल आहे. आमच्या शाखेत टपाल वाटणं आणि खिडकीवर बसणं, दोन्ही कामं माझ्याकडेच. निराधारचे पैसे म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन अंगठा घेऊन द्यावे लागतात, आणि विदर्भात कोणाच्या घरी गेलं की "बसा ना जी, चाय घ्या" हे ठरलेलंच. नाही म्हटलं तर घरच्या बाईचा चेहरा पडतो. दिवसाला सात कप तर सहज व्हायचे. ही चाय आधी साखरेची होती, मग मला शुगर निघाली आणि साखरेऐवजी गोड गोळीची झाली, आता तिसरीच काहीतरी आहे. मधल्या तीन महिन्यांत मला जे कळलं ते लिहून ठेवतो, कारण मी शोधत होतो तेव्हा एक तर "गोळ्यांनी कॅन्सर होतो" हे सापडायचं, नाही तर "बिनधास्त खा".

५ डिसेंबर २०२४ ला आशाताई तीस वर्षांवरच्यांना शुगर-बीपीचा धोका किती हे पाहणारा सी-बॅक फॉर्म भरायला आल्या. कंबर मोजली, तंबाखू विचारली, घरात कोणाला शुगर आहे का विचारलं. माझ्या आईला होती. गुण चारच्या वर गेले म्हणून त्यांनी उपकेंद्रात पाठवलं. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी बोट टोचलं, तर मशीनवर २६४. जेवून दोन तास झाले होते. मला वाटलं मशीन बिघडली असेल. त्या म्हणाल्या, "काकाजी, मशीन सकाळपासून पंधरा जणांची बरोबर दाखवून राहिली."

सोमवारी, ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात उपाशीपोटी गेलो. आभा हा आरोग्याचा ओळख नंबर काढायचा होता, ओटीपी यायला नेटवर्क नव्हतं, म्हणून कंपाउंडच्या बाहेर लिंबाच्या झाडाखाली उभं राहून तो मिळवला. उपाशीपोटी १८६, जेवल्यावर २७४. मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी तिथे होत नव्हती. तालुक्याच्या गावी एका खाजगी लॅबमध्ये ११ तारखेला ४५० रुपये देऊन केली. उद्या मिळेल म्हणालेला रिपोर्ट पाचव्या दिवशी मिळाला, दोन चकरांचं बसभाडं वेगळं. आकडा ८.९. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा लिहून दिली, ती केंद्रातून फुकट मिळते. एक सांगून ठेवतो, कार्ड घरी विसरलं तर गोळ्या मिळत नाहीत. कार्डाचा फोटो चालत नाही, मी करून पाहिलं.

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला होता, "घरात सिकलसेलचं कार्ड कोणाचं आहे का?" आपल्या भागात सिकलसेल बरंच आहे, आणि ज्याला तो आजार असतो त्याच्या रक्तातल्या लाल पेशी लवकर तुटतात, म्हणून एचबीए१सीचा आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसू शकतो. माझ्या घरात कोणाला नाही. तुमच्या घरात असेल तर रक्त काढायच्या आधीच सांगा.

मग ते म्हणाले, "चायमधली साखर बंद करा." बाकी आहार चार वाक्यांत संपला.

घरी येऊन बायकोने चमचा मोजला. आमचा चहाचा चमचा शिगोशीग भरला की पाच ग्रॅम, कपाला दोन. सात कपांचे सत्तर ग्रॅम. महिन्याला दोन किलोवर साखर मी एकटाच, तीही बसल्या बसल्या, पिऊन टाकत होतो. जेवणात मी गोडाचा माणूस नाही, आमच्याकडे भाजीला तिखट आणि वर तेलाची तर्री लागते. म्हणून मला कायम वाटायचं की मी कुठे गोड खातो!

बिनसाखरेची चाय दोन दिवस प्यायलो. तिसऱ्या दिवशी मेडिकलमधून गोळ्यांची डबी आणली, शंभर गोळ्या, नव्वद रुपये. एका गोळीत अस्पार्टेम १८ मिलिग्रॅम असं तिच्यावर छापलेलं होतं. बायकोने साखरेसारख्याच सवयीने दोन गोळ्या पातेल्यात टाकल्या आणि चाय चांगली खदखदू दिली. प्यायलो तर फिक्की. तिने आणखी दोन टाकल्या, तरी तेच. दुकानदाराने फसवलं म्हणून मी डबी घेऊन परत निघालो होतो. नागपूरला आहारशास्त्र शिकणारी माझी पुतणी फोनवर हसायला लागली. अस्पार्टेम जास्त वेळ उकळलं की तुटतं आणि गोडी जाते. गोळी कपात, वरून, पिताना टाकायची. तसं केलं आणि गोडी आली. पातेल्यातच टाकायचं असेल तर सुक्रॅलोजचं घ्यावं, ते चहाच्या उकळीत टिकतं. मात्र तेच सुक्रॅलोज भट्टीत किंवा कढईत १२० अंशांच्या वर तापवलं तर त्यातून क्लोरीनची नको ती संयुगं तयार होऊ शकतात, असं जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये म्हटलं. शरीराला त्याने किती धोका, हे अजून नीट तपासलं गेलेलं नाही. चाय शंभराच्या वर जातच नाही, म्हणून तिथे तो प्रश्न येत नाही. नानकटाईत मात्र मी टाकणार नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ग्लुकोमीटर घेतला, आणि मग मला मोजायचा नादच लागला. पट्टी साधारण वीस रुपयांना एक पडते, तेव्हा नादाला मर्यादा घालावी लागते. मी एवढंच केलं की वेगवेगळ्या सकाळी, उपाशीपोटी, एकाच कपातून चाय घेतली आणि आधी व एक तासाने मोजलं. बाकी काही खाल्लं नाही.

दोन चमचे साखरेची चाय घेतली, तेव्हा १४२ चे १९१ झाले. दोन गोळ्यांच्या चायने १३९ चे १५४. गुळाच्या चायने १४५ चे १९०.

गुळाचा आकडा पाहून मी बराच वेळ मशीनकडे पाहत बसलो. गावात अर्धे शुगरवाले "साखर सोडली, गूळ घेतो" असं अभिमानाने सांगतात. गूळ म्हणजे बहुतेक साखरच, थोडी खनिजं आणि चव सोडली तर. रक्ताला रंग दिसत नाही.

गोळीच्या चायने जे पंधरा वाढले, ते गोळीमुळे नव्हेत. दुधात स्वतःची साखर असते, आणि घरच्या मशीनची चूकच मुळात पंधरा टक्क्यांपर्यंत धरलेली असते. १३९ आणि १५४ मधला फरक कदाचित खरा फरक नसेलही. १४२ आणि १९१ मधला मात्र आहे. लोक दहा आकड्यांच्या फरकावरून औषध बदलतात, म्हणून हे सांगितलं.

आता संक्रांत. १४ जानेवारीला दिवसभर "तिळगूळ घ्या, गोड बोला" चाललं होतं. मी एकही खाल्ला नाही, खिशात टाकत गेलो आणि संध्याकाळी पोरांना वाटले. घरी येऊन सहज मोजलं तर ३१२! घाम फुटला. बायको म्हणे, "खाल्ले असन तुमी चोरून." मी शपथा घेतोय, ती ऐकत नाही. डॉक्टरांना फोन लावला, तर त्यांचा पहिला प्रश्न, "हात धुतले होते का?" धुतले नव्हते. दिवसभर तिळगूळ हाताळलेल्या बोटावर गुळाचा चिकट थर होता आणि रक्ताचा थेंब त्याच थरात मिसळून पट्टीवर गेला. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाचं घेतलं, १६८. एक पट्टी वाया गेली, पण बायकोचा संशय गेला. सॅनिटायझरने पुसलं तर गूळ पुरता निघत नाही, साबण-पाणीच हवं.

गोळी माझी साखर वाढवत नाही हे कळलं आणि माझी हिंमत वाढली, आणि तिथेच चुकलो. तालुक्याच्या बाजारात "शुगर फ्री" लिहिलेली बिस्किटं दिसली, दीडशे रुपयांचा पुडा. चायसोबत चार खाल्ली आणि तासाने मोजलं. १४० चे २०४. साध्या साखरेच्या चायपेक्षाही जास्त!

पुतणीने व्हिडिओ कॉलवर पुड्याची मागची बाजू कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. "काका, मोठी अक्षरं सोडा. कार्बोहायड्रेटची ओळ वाचा." शंभर ग्रॅममध्ये कार्बोहायड्रेट ६८ ग्रॅम, साखर अर्धा ग्रॅम. चार बिस्किटं चाळीस ग्रॅमची, म्हणजे पोटात सत्तावीस ग्रॅम कार्बोहायड्रेट गेलं, बहुतेक मैदा. मैद्याची रक्तात साखरच होते. शुगर फ्री म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घटकांच्या यादीत ९६५ असा आकडा होता. तो माल्टिटॉलचा. साखरेचा गोडवा जातो तेव्हा तिचं वजन आणि कुरकुरीतपणाही जातो, म्हणून बिस्किटं-चॉकलेटं बनवणारे ती जागा अशा पदार्थांनी भरतात. माल्टिटॉल साखरेपेक्षा कमी, पण रक्तातली साखर वाढवतो, आणि जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात. दुसऱ्या दिवशी मला त्याचाही अनुभव आला, तो सविस्तर लिहीत नाही.

तेव्हापासून पाकीट उलटं करून आकडे वाचायची सवय लागली. ९५१ अस्पार्टेम, ९५५ सुक्रॅलोज, ९५४ सॅकरिन, ९६० स्टेव्हिया, ९६८ एरिथ्रिटॉल. मेडिकलवाल्याने "हे झाडापासूनचं, नैसर्गिक आहे" म्हणून दिलेल्या स्टेव्हियाच्या पाकिटात पहिलं नाव एरिथ्रिटॉलचं होतं, स्टेव्हिया शेवटी चिमूटभर. स्टेव्हियाचा अर्क साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड असतो, पाकीट भरायला दुसरं काहीतरी लागतंच.

आता भीतीबद्दल. गावात मी गोळी काढली की कोणीतरी म्हणणारच, "पोस्टमन भाऊ, थे नोका खाऊ, कॅन्सर होते." हे कुठून आलं ते पुतणीने समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जुलै २०२३ मध्ये अस्पार्टेमला "कदाचित कर्करोगकारक" या गटात टाकलं. तो गट म्हणजे पुरावा अपुरा आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. किती खाल्लं तर धोका, हे तो गट सांगतच नाही. ते ठरवणाऱ्या दुसऱ्या समितीने त्याच वेळी जुनी मर्यादा कायम ठेवली, दररोज शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम. माझं वजन ६८ किलो. गुणाकार केला तर २७२० मिलिग्रॅम, माझ्या डबीतल्या दीडशे गोळ्या. मी दिवसाला चौदा घेत होतो. ज्यांना जन्मतः फिनाईलकीटोन्युरिया हा आजार असतो त्यांना मात्र अस्पार्टेम अजिबात चालत नाही, डबीवर ती सूचना छापलेली असते.

माझी खरी अडचण दुसऱ्याच बातमीने झाली. मे २०२३ मध्ये त्याच जागतिक संघटनेने सांगितलं की वजन कमी करण्यासाठी या गोड पर्यायांवर विसंबू नका. मग मी का घेतोय? पुतणीने मूळ मजकूर वाचून दाखवला. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही, असं त्यातच लिहिलंय. ती सूचना धरून आम्हाला "बंद करा" म्हणता येत नाही, तसं "खुशाल खा"ही म्हणता येत नाही.

वर्षानुवर्षं गोड पर्याय घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार जास्त दिसतो, असं मोठ्या पाहण्यांमध्ये आढळलंय. हे मला शेतावरून समजलं. ज्या शेतात सगळ्यात जास्त फवारण्या झाल्या, तिथेच बोंडअळी जास्त, असं कोणी वहीवरून काढलं तर फवारणीने अळी येते म्हणायचं का? अळी होती म्हणून फवारणी झाली. ज्यांचं वजन आणि शुगर आधीच वाढलेली, तेच गोळ्यांकडे वळतात. पण याने गोळी निर्दोष ठरत नाही. फवारणीनेही पिकाचं नुकसान होतं की. दोन्ही वेगळे काढायला चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात आणि वर्षानुवर्षं पाहावं लागतं. इतकी वर्षं चाललेला तसा अभ्यास पुतणीला सापडला नाही.

चिठ्ठीवर केलेला एक छोटा अभ्यास आपल्याच चहाचा आहे. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने मधुमेह असलेल्या १७९ जणांपैकी काहींना चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रॅलोज दिलं, बारा आठवडे. २०२४ मध्ये छापून आलं. एचबीए१सीमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही, वजन आणि कंबर मात्र थोडी उतरली. मी या गोळीकडून खूप अपेक्षा ठेवून होतो, म्हणून हे वाचून थोडा हिरमुसलो.

पोटातल्या जिवाणूंचंही एक आहे. २०२२ च्या इस्रायलमधल्या अभ्यासात, मधुमेह नसलेल्या लोकांनी दोन आठवडे सॅकरिन किंवा सुक्रॅलोज घेतल्यावर काहींच्या शरीराची साखर हाताळायची पद्धत बदललेली दिसली, काहींची नाही. आपण कोणत्यातले, हे सांगणारी चाचणी आपल्या लॅबमध्ये नाही. आणि एरिथ्रिटॉल रक्तात जास्त असलेल्यांना हृदयविकाराचा झटका व पक्षाघात जास्त आले, असं २०२३ मध्ये अमेरिकेतून आलं. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे तो दोष पाकिटाचा की आजाराचा, हे त्यातून पक्कं होत नाही. माझ्या वडिलांना हृदयविकार होता. ते स्टेव्हियाचं पाकीट मी डब्याच्या मागे ढकललं, ते अजून तिथेच आहे.

फेब्रुवारीतली एक गोष्ट राहिली असती. शेजारचे मामाजी मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. सकाळी गोळी घेऊन न जेवता तुरीच्या गंजीवर गेले. अकराला घरी आले ते थरथरत, घामाने ओले, बोलणं तुटक. मामीने लगेच गोड चाय दिली, पण घरात आता माझ्याच सांगण्यावरून गोळ्यांची डबी होती. दोन कप पाजले, काही फरक नाही. मला हाक मारली. मोजलं तर ५२.

"मामी, साखर कुठे हाय?"

"साखर कायले? शुगर हाये ना त्याइले!"

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी ७८, मग भाकरी खायला लावली. गोळीतली गोडी जिभेपुरती, रक्तात ती साखर पोहोचवत नाही. रोज तोच तिचा फायदा, आणि अशा वेळी तोच धोका. माझ्या एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी पडत नाही, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असाल तर घरात खरी साखर हवीच. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन. मी मामीच्या डबीवर मार्करने लिहून आलो, "थरथर झाली तर हे नाही."

११ मार्चला तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी केली, या वेळी दुसऱ्या लॅबमध्ये. संध्याकाळीच रिपोर्ट, ७.४. वजन अडीच किलो कमी. डॉक्टर खूश झाले. मी विचारलं, गोळीने झालं का? ते म्हणाले, मेटफॉर्मिन आहे, तुम्ही सायकल काढली, रात्रीचा भात अर्धा केला, सत्तर ग्रॅम साखर थांबली. यात कोणाचा किती वाटा, हे तुमच्या एकट्याच्या आकड्यांवरून कोणी सांगू शकणार नाही. साखर थांबली हे मात्र नक्की, आणि ती थांबायला गोळीची मदत झाली. ती कायम लागेलच असं नाही, असंही म्हणाले.

ते मनावर घेतलं. दोनाची एक गोळी केली, पहिले चार दिवस चाय कडू लागली, मग लागेना. आता अर्धी. नख लावून मोडता येते. घरोघरी मिळणाऱ्या चायचा प्रश्न निराधारचे पैसे वाटायच्या दिवशीच सुटला. मी एका आजीला म्हटलं, माझा कप साखर टाकायच्या आधी काढून ठेवा. तिने ते गावभर सांगितलं. आता मी दाराशी पोहोचलो की आतून आवाज येतो, "पोस्टमन आला, त्याची फिक्की काढ आधी."

१३ तारखेला होळी होती. पुरणपोळी गोळ्यांची होत नाही, पुरणाला गुळाचं वजन लागतं. अर्धी खाल्ली, तूप टाकून, जेवणातला भात सोडून. दोन तासांनी साबणाने हात धुऊन मोजलं. १९६.